हेक्सोकायनेज आणि ग्लुकोकायनेज: केएमचा आकडा पाठ आहे, तरी उत्तर का चुकतं?

‘हेक्सोकायनेजचा केएम कमी, ग्लुकोकायनेजचा जास्त; म्हणून यकृत जेवणानंतर ग्लुकोज घेतं आणि स्नायू नेहमीच घेतात.’ पहिल्या वर्षाच्या बायोकेमिस्ट्रीच्या पेपरांत हे वाक्य इतक्या वेळा येतं की परीक्षकही अर्धे गुण देऊन पुढे जातो. पहिला अर्धा भाग बरोबरच आहे. अडचण ‘म्हणून’ या शब्दात आहे. व्हायवाला तेवढ्यावर दोन उपप्रश्न आले की उत्तर डगमगतं. असं उत्तर कुठे कुठे घसरतं ते बघू.

दोन्ही एन्झाइमं एकच काम करतात: एटीपीमधला फॉस्फेट ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवर बसवून ग्लुकोज-६-फॉस्फेट बनवतात. ग्लुकोकायनेज हे खरं तर हेक्सोकायनेज कुटुंबातलंच चौथं भावंड. स्नायूत मुख्यतः हेक्सोकायनेज-२ असतं. त्याचा केएम ०.१ ते ०.३ मिलीमोलच्या आसपास आहे. ग्लुकोकायनेज ८ मिलीमोलच्या सुमाराला निम्म्या वेगावर येतं.

पहिली चूक: एककांची गल्लत आणि चुकीचं सूत्र

आपल्याकडे रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो आणि केएम मिलीमोलमध्ये दिलेला असतो. ग्लुकोजसाठी १८ ने भागायचं. उपाशीपोटीचे ९० म्हणजे ५ मिलीमोल, १८० म्हणजे १० मिलीमोल. हे न करता ‘९० हा ०.१ पेक्षा खूप मोठा आणि ८ पेक्षाही मोठा’ अशी तुलना केली, तर दोन्ही एन्झाइमं सदैव पूर्ण वेगात पळताना दिसतात आणि सगळा फरकच हरवतो.

दुसरी गोष्ट सूत्राची. हेक्सोकायनेजला मायकेलिस-मेंटेनचं साधं सूत्र चालतं. ग्लुकोकायनेजला चालत नाही, कारण त्याचा आलेख किंचित इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. त्याला हिलचं सूत्र लावायचं आणि घातांक सुमारे १.७ धरायचा:

```
हेक्सोकायनेज:  v/Vmax = S / (Km + S)
ग्लुकोकायनेज:  v/Vmax = S^1.7 / (8^1.7 + S^1.7)
```

आता आकडे घालू. हेक्सोकायनेजचा केएम ०.१ धरला, तर ५ मिलीमोलला वेग कमाल वेगाच्या ९८ टक्के आणि १० मिलीमोलला ९९ टक्के. ग्लुकोज दुप्पट झालं तरी एन्झाइमला फारसं कळलंही नाही. ग्लुकोकायनेज ५ मिलीमोलला ३१ टक्क्यांवर आहे आणि १० ला ५९ टक्क्यांवर. म्हणजे वेग जवळपास दुप्पट. इथे मायकेलिस-मेंटेन लावलं असतं तर ३८ आणि ५६ टक्के आले असते, म्हणजे दीडपटीलाही थोडी कमी वाढ. त्या वळणामुळे जेवणाआधीच्या आणि जेवणानंतरच्या पातळ्यांमध्ये एन्झाइम जास्त संवेदनशील राहतं. जेवणानंतर आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृताकडे जातं, त्यामुळे यकृताला दिसणारं ग्लुकोज बोटातल्या रक्तापेक्षा जास्त असतं, हेही इथे लक्षात ठेवा.

गंमत म्हणजे ग्लुकोकायनेज एकच साखळी असलेला प्रथिन-रेणू आहे, ग्लुकोज धरायची जागाही एकच. ‘एस आकार आला, म्हणजे हिमोग्लोबिनसारखे चार भाग’ असं लिहिलं तर चूक. इथे वळण येतं ते रेणू आपला आकार सावकाश बदलतो म्हणून. ग्लुकोज सुटल्यावर तो हळूहळू सैल रूपात जातो. ग्लुकोज भरपूर असेल तर तसा वेळच मिळत नाही आणि तो काम करायला सज्ज अशा घट्ट रूपात राहतो.

दुसरी चूक: रक्तातलं ग्लुकोज हेच एन्झाइमसमोरचं ग्लुकोज समजणं

ही सगळ्यांत खोल चूक आहे आणि चांगले विद्यार्थीही ती करतात. वरचे ९८ आणि ९९ टक्के पाहून कुणी लिहितं: ‘स्नायूतलं हेक्सोकायनेज कायम तृप्त असतं, त्यामुळे जेवणानंतर स्नायू जास्त ग्लुकोज घेऊ शकत नाहीत.’ प्रत्यक्षात इन्सुलिन वाढल्यावर रक्तातलं ग्लुकोज सर्वांत जास्त ओढून घेणाऱ्या ऊतींमध्ये कंकाल-स्नायू येतात. मग गणित कुठे चुकलं?

गणित बरोबर आहे, त्यात घातलेला आकडा चुकीचा आहे. ५ मिलीमोल हे पेशीबाहेरचं ग्लुकोज. यकृतपेशीच्या पटलात ग्लूट-२ नावाची वाहक प्रथिनं मुबलक असतात आणि ती इन्सुलिनवर अवलंबून नसतात. त्यामुळे तिथे आत-बाहेर जवळपास समान पातळी राहते. स्नायूत मात्र ग्लूट-४ आहे, आणि इन्सुलिन नसताना त्यातला बहुतांश साठा पेशीच्या आत पिशव्यांमध्ये ठेवलेला असतो. दारं कमी आणि आत बसलेलं हेक्सोकायनेज इतकं चपळ की शिरलेलं ग्लुकोज लगेच फॉस्फेट होऊन जातं. परिणामी स्नायूपेशीच्या आत मोकळं ग्लुकोज फारच थोडं असतं. कमी केएमचा खरा उपयोग हाच: अगदी विरळ ग्लुकोजही उचलून आतली पातळी खाली ठेवणं, म्हणजे बाहेरून आत उतार टिकून राहतो.

इन्सुलिन आल्यावर ग्लूट-४ पटलावर येतं, दारं वाढतात, आत येणारं ग्लुकोज वाढतं आणि हेक्सोकायनेजचा वेगही वाढतो, कारण ते आधी तृप्त नव्हतंच. व्यायामात स्नायू आकुंचन पावल्यानेही ग्लूट-४ बाहेर येतं, इन्सुलिनशिवाय. म्हणून स्नायूबद्दल लिहिताना आधी दाराबद्दल लिहा, मग एन्झाइमबद्दल. यकृतात क्रम उलटा आहे. तिथे दार उघडंच असतं, निर्णय एन्झाइम घेतं.

याला जोडूनच ब्रेकचा मुद्दा येतो. हेक्सोकायनेजला स्वतःचंच उत्पादन, ग्लुकोज-६-फॉस्फेट, रोखून धरतं. विश्रांतीत असलेल्या स्नायूला ग्लायकोलिसिसची गरज नाही आणि ग्लायकोजेनही भरलेलं आहे अशा वेळी ते साचतं, हेक्सोकायनेज मंदावतं, आतलं मोकळं ग्लुकोज वाढतं आणि आत येण्याचा उतारच कमी होतो. स्नायू स्वतःच्या गरजेपुरतं घेतो. ग्लुकोकायनेजवर पेशीत आढळणाऱ्या पातळीचा ग्लुकोज-६-फॉस्फेट असा परिणाम करत नाही. यकृताला स्वतःची गरज भागल्यावरही साखर साठवायची असते, म्हणून तिथे हा ब्रेक असता तर कामच अडलं असतं.

प्रयोगशाळेत हा ब्रेक दिसत नाही म्हणून काहीजण गोंधळतात. नेहमीच्या चाचणीत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज घालून ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएच मोजतात. ते जोड-एन्झाइम ग्लुकोज-६-फॉस्फेट तयार होताच खाऊन टाकतं. रोखणारा रेणूच शिल्लक राहत नाही, मग ब्रेक दिसणार कुठून? तो पाहायचा असेल तर एडीपी मोजणारी जोडणी वापरावी लागते. आणि यकृताच्या अर्कात दोन्ही एन्झाइमं एकत्र असतील, तर एकदा ०.५ आणि एकदा १०० मिलीमोल ग्लुकोज घालून वेग मोजतात. पहिल्यात मुख्यतः हेक्सोकायनेज दिसतं आणि वाढीव वेग ग्लुकोकायनेजचा धरतात.

तिसरी चूक: उपाशीपोटी ग्लुकोकायनेज ‘बंद’ असतं असं केवळ केएमवरून सांगणं

आपणच काढलेला आकडा पुन्हा पाहा: ५ मिलीमोलला ३१ टक्के. हे काही बंद नव्हे. मग उपाशी असताना यकृत ग्लुकोज घेण्याऐवजी बाहेर का सोडतं? केएम याचं पुरेसं उत्तर देत नाही, आणि इथेच परीक्षक पकडतो.

एक कारण असं की उपाशी अवस्थेत बहुतांश ग्लुकोकायनेज पेशीद्रवात नसतं. एक नियामक प्रथिन त्याला बांधून केंद्रकात नेऊन ठेवतं. फ्रुक्टोज-६-फॉस्फेट ही पकड घट्ट करतं. ग्लुकोज वाढलं की पकड सैल होते, आणि फ्रुक्टोज-१-फॉस्फेट तर ती सोडवतंच. ६ आणि १ ची अदलाबदल ही उत्तरपत्रिकांमधली नेहमीची चूक. खूण सोपी आहे: फ्रुक्टोज-१-फॉस्फेट अन्नातल्या फ्रुक्टोजपासून बनतं, म्हणजे ते ‘जेवण आलं’ याची वर्दी देतं. दुसरं कारण, यकृतात ग्लुकोज-६-फॉस्फेटेज आहे, जे फॉस्फेट काढून ग्लुकोज परत मोकळं करतं. उपाशीपोटी त्याचं पारडं जड असतं. स्नायूत हे एन्झाइमच नाही, त्यामुळे तिथलं ग्लायकोजेन रक्तात ग्लुकोज म्हणून परत येत नाही.

आणि इन्सुलिन? ‘इन्सुलिन ग्लुकोकायनेजला सक्रिय करतं’ असं लिहू नका. यकृतात ते त्याच्या जनुकाचं वाचन वाढवतं, म्हणजे एन्झाइम जास्त बनतं, आणि याला तास लागतात. जेवणानंतरच्या काही मिनिटांतला बदल केंद्रकातून सुटण्याचा असतो. म्हणूनच बरेच दिवस इन्सुलिन नसेल तर यकृतातलं ग्लुकोकायनेजच कमी पडतं, आणि जेवणानंतरची साखर उचलायची यकृताची ताकद घटते.

चौथी चूक: ग्लुकोकायनेज फक्त यकृताचं समजणं

स्वादुपिंडाच्या बीटा पेशींतही तेच एन्झाइम आहे आणि तिथे ते साखर मोजायचं काम करतं. त्याचा वेग वाढला की एटीपी वाढतं आणि इन्सुलिन सुटतं.

समजा, २६ वर्षांची सडपातळ स्त्री. उपाशीपोटीची साखर १२२, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४८, एचबीए१सी ६.३. आईचेही आकडे वर्षानुवर्षं असेच, त्यात वाढ नाही. रोज गोळ्या घेऊनही उपाशीपोटीची साखर १२० च्या आसपासच. यात दोन खुणा बोलतात. उपाशीपोटीची साखर थोडी जास्त, पण दोन तासांनंतरची वाढ अवघी २६, आणि पिढीदरपिढी चित्र स्थिर. टाइप-२ मधुमेहात सहसा जेवणानंतरचा आकडा फार वर उसळतो आणि वर्षांगणिक बिघडतो. इथे ग्लुकोकायनेज जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असण्याची शक्यता तपासायला हवी; याला मॉडी-२ म्हणतात.

मोजमाप ५ ऐवजी साधारण ७ मिलीमोलवर सरकलेलं आहे, एवढाच बिघाड. तेवढी साखर झाली की इन्सुलिन नीट सुटतं, म्हणून नंतरची वाढ मर्यादित राहते. गोळ्यांनी आकडा खाली ढकलला तर शरीर तो पुन्हा आपल्या ठरलेल्या पातळीवर आणतं. त्यामुळे एरवी बहुतेकांना औषध लागत नाही. जनुकीय चाचणीने खात्री करून मगच चालू औषधाचा निर्णय डॉक्टर घेतात. गरोदरपणात मात्र प्रश्न बाळाच्या जनुकाचा होतो. बाळाला सदोष प्रत मिळाली असेल, तर त्याच्या बीटा पेशीही आईच्याच पातळीला साखर ‘ठीक’ मानतात आणि वाढ सामान्य राहते. मिळाली नसेल, तर आईची १२० साखर त्याला जास्त वाटते, ते जास्त इन्सुलिन सोडतं आणि वजन वाढतं. म्हणून अशा गरोदरपणात आईच्या साखरेइतकंच सोनोग्राफीतल्या बाळाच्या पोटाच्या घेराकडे लक्ष ठेवतात.