लॅमिनेट केलेली डिग्री आणि अपोस्टील

एम.एस. युनिव्हर्सिटीची डिग्री हातात आली त्याच आठवड्यात बाबांनी ती दांडिया बाजारातून हौसेने लॅमिनेट करून आणली. पुढे इटलीच्या विद्यापीठाने अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार लावतं ते प्रमाणपत्र, मागितलं, तेव्हा ती हौस महागात पडली. शिक्के आणि स्टिकर कागदाच्या मागच्या बाजूला लागतात. प्लॅस्टिकवर कोणी मारून देत नाही. सोलायला गेलो तर शाई उठायला लागली. शेवटी युनिव्हर्सिटीकडे दुसरी प्रत मागितली आणि महिना त्यातच गेला.

अपोस्टील देतं परराष्ट्र मंत्रालय, पण ते तुमची डिग्री खरी आहे का हे स्वतः तपासत नाही. ते फक्त राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही आपल्याकडच्या नमुन्याशी जुळवतं. त्या अधिकाऱ्याने त्याआधी युनिव्हर्सिटीची सही जुळवलेली असते. म्हणजे प्रत्येक जण मागच्या सहीची खात्री देतो. एकदा ही साखळी डोक्यात बसली की फाइल कुठे अडेल ते कळतं. माझी एक मार्कशीट अशीच अडली. परीक्षा विभागात नवे अधिकारी आले होते आणि त्यांच्या सहीचा नमुना राज्याकडे पोचलाच नव्हता.

दुसरी गोष्ट: राज्य म्हणजे तुम्ही राहता ते नव्हे, तर कागद जिथून निघाला ते. माझी डिग्री गांधीनगरला शिक्षण खात्याकडे गेली, पण पुण्याहून केलेला डिप्लोमा महाराष्ट्रातूनच प्रमाणित करून आणावा लागला. मी बडोद्याचा, सगळं इथेच होईल, असं धरून चाललो होतो.

मंत्रालय अर्ज थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं. आम्ही अहमदाबादला दिला. सरकारी फी कागदामागे 50 रुपये, एजन्सीचा आकार वेगळा. हा टप्पा चार दिवसांत उरकला. वेळ खातात ते आधीचे टप्पे: युनिव्हर्सिटीचं व्हेरिफिकेशन दोन आठवडे, गांधीनगर आठवडाभर. कोणी एजंट राज्याच्या शिक्षण खात्याऐवजी ‘एसडीएमकडून, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडून, झटपट करून देतो’ म्हणाला तर आधी समोरच्या विद्यापीठाला विचारा. काही ठिकाणी तो मार्ग चालत नाही.

स्टिकर मिळाल्यावर त्यावरचं नाव आणि नंबर तिथेच वाचा. तो नंबर मंत्रालयाच्या साइटवर तपासता येतो.

देश कोणता, हेही आधी बघा. अपोस्टील चालतं ते एकमेकांचं अपोस्टील मान्य करण्याच्या हेग करारातल्या देशांत. दुबईला जाणाऱ्या मित्राला मंत्रालयाच्या अटेस्टेशननंतर यूएईच्या वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागला. जर्मनी करारात असूनही भारतीय अपोस्टील मानत नाही.

आणि भाषांतर सगळ्यात शेवटी करा. मी उत्साहाने आधीच इटालियन करून ठेवलं होतं. नंतर कळलं की मागच्या स्टिकरचंही भाषांतर लागतं, म्हणून सगळे कागद पुन्हा त्याच बाईंकडे, पुन्हा तेवढेच पैसे.