नावात ‘मॅब’ दिसलं की होणाऱ्या चुका

ठाण्यातल्या एका डे-केअरमध्ये मी किमोची परिचारिका आहे. पहिल्या डोसाला आलेली माणसं आता औषधाचं नाव मोबाइलवर शोधूनच येतात, आणि त्या नावावरून काढलेले काही निष्कर्ष मला वारंवार खोडावे लागतात.

पहिली चूक खोक्यावरच होते. मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीचं असतं. एकच रिटुक्सिमॅब वेगवेगळ्या ब्रँडनावांनी मिळतं आणि त्या नावांत ‘मॅब’ असेलच असं नाही. वाचायचं ते खालचं बारीक नाव. ते मागून वाचा. शेवटचं ‘मॅब’ म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, एकाच लक्ष्याला धरणारं प्रथिन. त्याआधीचं ‘क्सि’ सांगतं की लक्ष्याला पकडणारं टोक उंदराचं आहे आणि बाकीचा भाग माणसाचा. त्याआधीचं ‘टु’ म्हणजे ट्यूमर. ट्रास्टुझुमॅबमध्ये ‘क्सि’च्या जागी ‘झु’ आहे, म्हणजे उंदराचा अंश फारच थोडा राहिला. अडॅलिमुमॅबमध्ये नुसता ‘उ’ आहे, म्हणजे पूर्ण मानवी. मात्र 2017 नंतर ठेवलेल्या नावांत उगमाची ही अक्षरं देणं बंद झालं आणि 2021 पासून नव्या औषधांना ‘मॅब’ हा शेवटही मिळत नाही. त्यामुळे ही युक्ती जुन्या नावांपुरतीच चालते.

खरी घातक चूक यापुढची आहे: ‘झु’ किंवा ‘उ’ दिसला की रिअॅक्शन येणार नाही असं धरून चालणं. ओबिनुटुझुमॅब घ्या. नावात ‘झु’ आहे, तरी पहिल्या डोसाला त्याची रिअॅक्शन रिटुक्सिमॅबपेक्षा जास्त वेळा येते. म्हणूनच रक्ताच्या एका कर्करोगात, सीएलएलमध्ये, त्याचा पहिला 1000 मिलिग्रॅमचा डोस सहसा 100 आणि 900 असा दोन दिवसांत विभागून देतात. ही दोन्ही औषधं बी पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींवरच्या सीडी20 या खुणेला चिकटतात. पेशी भराभर फुटतात, त्यांतून सायटोकाइन नावाची रसायनं रक्तात उतरतात आणि अंगात हुडहुडी भरते. म्हणजे इथे उंदराच्या अंशापेक्षा अंगात अशा पेशी किती आहेत, याला जास्त महत्त्व आहे.

कळव्याहून आलेल्या एका काकांचं उदाहरण सांगते. वय बासष्ट, लिम्फोमा, पहिलं रिटुक्सिमॅब, डोस 640 मिलिग्रॅम. पॅरासिटामॉल आणि अॅलर्जीचं इंजेक्शन अर्धा तास आधी दिलं होतं. ड्रिप तासाला 50 मिलिग्रॅमने सुरू केली. नेमाप्रमाणे दर अर्ध्या तासाला वेग 50ने वाढवायचा आणि 400च्या वर न्यायचा नाही. पंचेचाळिसाव्या मिनिटाला, तासाला 100चा वेग असताना, त्यांचे दात वाजायला लागले. तरी ते सुनेला म्हणत होते, “एसीमुळे असेल गं, सिस्टरना त्रास नको देऊस.” तिने ऐकलं नाही, मला हाक मारली, म्हणून बरं झालं. ताप 101 आणि बीपी 96/60 होतं.

मी आधी ड्रिप बंद केली आणि मग डॉक्टरांना बोलावलं. तोवर अंगात जेमतेम 50 मिलिग्रॅम गेलं होतं. बीपी एवढं का उतरलं ते चौकशीत कळलं: काकांनी सकाळी नेहमीची बीपीची गोळी घेतली होती. हे औषध स्वतःच बीपी उतरवू शकतं, म्हणून आधीच्या बारा तासांतली बीपीची गोळी टाळायची का, हे डॉक्टरांना विचारून ठरवायचं असतं. तो प्रश्न मी आदल्या दिवशी फोनवर विचारायला हवा होता. आता तो माझ्या कागदावर पहिल्या ओळीत आहे.

पाऊण तासात काका शांत झाले. डॉक्टरांनी ड्रिप निम्म्या वेगाने, म्हणजे पुन्हा 50ने सुरू करायला सांगितली. एरवी तीन तास वीस मिनिटांत संपणारं औषध चार तास चाळीस मिनिटं चाललं.

घरी जाताना सून म्हणाली, “म्हणजे बाबांना याची अॅलर्जी आहे. पुढच्या वेळी नकोच.” ही तिसरी चूक, आणि हिच्यामुळे उपयोगी औषध हातचं जातं. पहिल्याच डोसाला, अर्ध्या ते दोन तासांत, थंडी-ताप आला आणि ड्रिप थांबवताच उतरला, तर बहुधा तो सायटोकाइनचा प्रकार असतो. अंगावर गांधी उठणं, घसा आवळणं, श्वासाला शिटी येणं हे काही मिनिटांतच सुरू झालं तर चित्र वेगळं. ती खरी अॅलर्जी असू शकते, तेव्हा अॅड्रेनालिन लागतं आणि औषध पुन्हा द्यायचं की नाही हे डॉक्टर नव्याने ठरवतात. पण काय होतंय हे ओळखणं आमचं काम. तुम्ही हाक मारा, ड्रिपच्या चाकाला स्वतः हात लावू नका.

काकांचा दुसरा डोस तासाला 100ने सुरू झाला, दर अर्ध्या तासाला 100ने वाढवला. फुटायला पेशीच कमी उरल्या होत्या. दोन तास वीस मिनिटांत बाटली संपली, आणि हुडहुडी भरली नाही.