ज्यूस सेंटरच्या टीव्ही मेनूवरचे भाव लांबून वाचता येत नव्हते, असं जमलं

म्हापशात भावाच्या ज्यूस सेंटरवर ४३ इंची टीव्ही लावला, पण १२ फुटांवरून गिऱ्हाईक विचारणारच, "कोकम कितल्याक?" डोकं फिरायचं. ब्राइटनेस वाढवला, बोल्ड केलं, फरक शून्य.

शेवटी आधी पट्टीने स्क्रीनची उंची मोजली, साधारण ५३ सेंमी, म्हणजे १०८० पिक्सेल उंचीच्या डिझाइनमध्ये १ सेंमीला २० पिक्सेल. मग आकडा साडेतीन सेंमी उंच हवा म्हणून ७० पिक्सेल, त्यासाठी फॉन्ट साइज १०० पिक्सेल ठेवला (आकडा फॉन्टच्या साइजपेक्षा बुटका असतो, इथेच गंडतं). एवढ्यात आठच ओळी बसतात, म्हणून दोन कॉलम, फळांचे फोटो उडवले, काळ्यावर पिवळे भाव, नावाला चिकटून. मग कागदावर त्याच मापाचा '६०' छापून टीव्हीवर चिकटवला आणि रस्त्याकडून वाचून बघितला, नंतरच फाइल पेनड्राइव्हवर टाकली.