व्हर्च्युअल बॅकग्राउंडमध्ये केस आणि खांदे लुकलुकतात? या चुका टाळा

मीटिंगमध्ये मागे पुस्तकांचं कपाट किंवा समुद्रकिनारा लावलेला असतो आणि बोलता बोलता डावा खांदा नाहीसा होतो. क्षणात तो परत येतो, तोवर कानाजवळ खोलीतली भिंत चमकून जाते. अशा वेळी बहुतेक जण आधी चित्र बदलतात, मग अ‍ॅप बदलतात, शेवटी नवा कॅमेरा मागवतात. पण दोष बहुधा खोलीतल्या उजेडात असतो. कोकणातल्या जुन्या घरांत तर उजेड कमीच येतो. पुढे खोल पडवी, उतरतं छप्पर, लहान खिडक्या आणि भोवती माडा-पोफळींची सावली.

आधी हे लुकलुकणं कशामुळे होतं ते पाहा

हिरवा पडदा नसेल तर प्रोग्रामला प्रत्येक फ्रेममध्ये ठरवावं लागतं की चित्रातला कुठला भाग माणसाचा आणि कुठला खोलीचा. सेकंदाला पंधरा ते तीस वेळा हा निर्णय होतो. गालाच्या मध्यावर शंकेला जागाच नसते. शंका असते ती कडेवर. तिथे एका फ्रेममध्ये ‘माणूस’ आणि पुढच्या फ्रेममध्ये ‘भिंत’ असं उत्तर आलं की आपल्याला कड थरथरताना दिसते.

शिवाय हा निर्णय पूर्ण आकाराच्या चित्रावर होतोच असं नाही. गूगलने २०२० मध्ये मीटच्या ब्राउझरमधल्या बॅकग्राउंडचं तंत्र उलगडून सांगितलं होतं. त्यात मोठ्या मॉडेललाही चित्र २५६ × १४४ पिक्सेलपर्यंत लहान करून दिलं जात होतं. १२८० × ७२० च्या व्हिडिओत याचा अर्थ असा की निर्णयाचा एक ठिपका मूळ चित्रातल्या पाच गुणिले पाच पिक्सेलचा. नंतर कडा मऊ करून घेतल्या जातात, पण सुटी बट त्या ठिपक्याहून बारीकच असते. म्हणून पावसाळी दमट हवेत भुरभुरणारे केस अगदी स्वच्छ कापले जातील ही अपेक्षा सोडून द्यावी. केस बांधले किंवा कानामागे घेतले की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. खांद्याचं मात्र तसं नाही. खांदा मोठा आहे, त्याची कड सरळ आहे. तो लुकलुकत असेल तर कारण नक्की सापडतं.

बॅकग्राउंड लावूनच तपासणं

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. बॅकग्राउंड चालू ठेवून कारण शोधता येत नाही. ते बंद करा, कॅमेऱ्याने वीसेक सेकंदांचं रेकॉर्डिंग करा आणि पूर्ण स्क्रीनवर बघा. खांद्याची आणि केसांची कड तुमच्या डोळ्यांना स्पष्ट दिसते का? कुर्ता आणि भिंत एकमेकांत मिसळलेत का? स्थिर भिंतीवर बारीक दाणे वळवळताना दिसतात का? जी कड माणसाला दिसत नाही, ती प्रोग्रामलाही सापडत नाही.

भिंतीवरचे ते दाणे म्हणजे अंधाराची खूण. उजेड कमी पडला की वेबकॅम आतल्या आत सिग्नल वाढवतो, त्याबरोबर दाणेही वाढतात आणि दर फ्रेमला ते वेगळ्या जागी येतात. म्हणजे तुम्ही पुतळ्यासारखे बसलात तरी प्रोग्रामसमोर दर वेळी वेगळं चित्र येतं. उजेड मिळवायला कॅमेरा एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, त्यामुळे मान वळवली की केस पुसट होतात. झूममधल्या ‘Adjust for low light’ने चेहरा उजळ दिसतो, पण खोलीतला उजेड त्याने वाढत नाही. दिवा लावण्याला तो पर्याय नव्हे.

देवगडजवळच्या एका खोलीत

आमच्या ओळखीतली एक मुलगी दहावीच्या मुलांना संध्याकाळी ऑनलाइन गणित शिकवते. “दादा, मुलं फळ्याकडे बघायची सोडून माझ्या खांद्याकडेच बघतात,” ती म्हणाली. खोली साधारण दहा बाय बारा फुटांची, भिंती फिकट पिवळ्या. ती परसाकडच्या खिडकीला पाठ करून बसायची, अंगात बहुधा क्रीम रंगाचा कुर्ता, आणि खुर्ची उंच पाठीची, काळी. वर माळ्याच्या तुळईला बल्ब आणि त्याच्या खाली पंखा.

बॅकग्राउंड बंद करून पाहिलं तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. खिडकीच्या उजेडामुळे कॅमेऱ्याने सगळं चित्र अंधारं केलं होतं आणि केसांभोवती पांढरी झालर उमटली होती. सावलीतला क्रीम कुर्ता आणि पिवळी भिंत यांचा रंग जवळपास एकच झाला होता. आणि खुर्चीची पाठ दोन्ही खांद्यांच्या वर डोकावत होती. ती माणसात धरायची की खोलीत, हे प्रोग्रामला ठरवता येत नव्हतं. गायब होणारा तो ‘खांदा’ अर्ध्या वेळा खुर्चीचाच होता.

टेबल उचलून खिडकीखाली नेलं, म्हणजे तिचं तोंड खिडकीकडे आलं. चेहरा लगेच स्वच्छ झाला, पण नवी अडचण उभी राहिली. मागची भिंत आता सात-आठ फूट दूर आणि अंधारात गेली, आणि तिचे काळे केस त्या अंधारात विरघळले. हे फार घरांत होतं. लोक समोर दिवा लावतात आणि मागची भिंत विसरतात. तिच्या मागच्या भिंतीवर ट्यूबलाइट होतीच, ती चालू ठेवल्यावर भिंत उजळली आणि केसांची कड वेगळी दिसू लागली. ट्यूब मात्र चौकटीत येऊ द्यायची नाही. ती दिसली की कॅमेरा पुन्हा सगळं चित्र अंधारं करतो.

संध्याकाळी सातनंतर खिडकीचा उपयोग नाही, आणि पावसाळ्यात तर दुपारीही ढग सरकतील तसा उजेड खालीवर होतो. म्हणून टेबलावर ९ वॉटच्या एलईडी बल्बचा दिवा ठेवला. तो चेहऱ्यापासून दोन-अडीच फुटांवर, समोरून थोडा बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा जरा वर. त्याच्यापुढे हातभर अंतरावर बटर पेपर ताणून लावला, म्हणजे सावल्या मऊ पडतात. कागद बल्बला टेकवू नये. दिवा जवळ आणण्याने फार फरक पडतो. एका बल्बपासूनचं अंतर निम्मं केलं की चेहऱ्यावर साधारण चौपट उजेड पडतो. त्यामुळे मोठा बल्ब आणण्याआधी आहे तोच जवळ घ्यावा. बल्ब ६५०० केचा पांढरा घेतला, कारण ट्यूबही पांढरीच होती. एक दिवा पिवळा आणि दुसरा पांढरा असला की केसांच्या एका कडेला पिवळसर आणि दुसरीला निळसर झाक येते.

उंच खुर्ची बाजूला ठेवून जेवणाच्या टेबलाची, खांद्याखाली पाठ संपणारी खुर्ची घेतली. क्रीमऐवजी गडद निळा किंवा मरून कुर्ता. एवढ्यावर खांदे स्थिर झाले.

केस मात्र डोक्यावरच्या बाजूला अजून थरथरत होते, तेही एका लयीत.

पंखा आणि त्याच्या वरचा दिवा

लयीत येणारी थरथर दिसली की आधी वर पाहावं. तुळईचा बल्ब पंख्याच्या पात्यांच्या वर होता, त्यामुळे पात्यांची सावली तिच्या केसांवरून आणि मागच्या भिंतीवरून सतत फिरत होती. डोळ्यांना ती सवयीची झालेली असते, कॅमेऱ्याला नाही. तो बल्ब बंद केल्याबरोबर लय थांबली. मे महिन्यात पंखा बंद करून शिकवा असं कोकणात कोणाला सांगता येणार नाही. त्यावर उपाय म्हणजे छताचा पंखा हळू ठेवायचा आणि टेबल फॅन जमिनीजवळ ठेवून वारा कमरेखाली घ्यायचा. वारा केसांवर आला की सुट्या बटा दर फ्रेमला जागा बदलतात. मागे चादर किंवा पडदा असेल तर तोही हलतो.

दुसरी एक लय याच्यासारखी दिसते, पण तिचं कारण वेगळं असतं. भिंतीवर आडवे फिकट पट्टे हळूहळू वर किंवा खाली सरकताना दिसले तर तो विजेचा परिणाम. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा ६० हर्ट्झच्या सेटिंगवर असला की मेळ बसत नाही आणि पट्टे उमटतात. विंडोजच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये ‘Flicker reduction’ असा पर्याय दिसला तर तिथे 50 Hz निवडावं. लिनक्सवर v4l2-ctl असेल तर ही ओळ पुरते:

```
v4l2-ctl -d /dev/video0 --set-ctrl=power_line_frequency=1
```

इथे १ म्हणजे ५० हर्ट्झ आणि २ म्हणजे ६०. सेटिंग बरोबर असूनही पट्टे राहिले तर बल्ब बदलून पाहावा. काही स्वस्त एलईडी बल्बांतली कमी-जास्त फारच तीव्र असते.

चिऱ्याची भिंत तशीच मागे ठेवणं

गिलावा न केलेली जांभ्याची भिंत दिसायला देखणी असते, पण या कामाला ती अवघड. गडद रंग, खडबडीत पोत आणि प्रत्येक खळग्यात बारीक सावली. काळे केस त्यावर उठून दिसत नाहीत. तिथे फिकट निळी किंवा फिकट राखाडी चादर लावावी, इस्त्री केलेली आणि खालच्या टोकांना ताणून बांधलेली. शुभ्र पांढरी नको, तिच्यामुळे चेहरा काळवंडतो. चादरीपासून तीन-चार फूट पुढे बसावं, म्हणजे स्वतःची सावली तिच्यावर पडत नाही. डोक्यामागे सावली पडली की तिची कड केसांच्या कडेत मिसळते.

साध्या चादरीपुढे बसून झूममधल्या ‘I have a green screen’वर टिक करू नका. ती टिक केली की प्रोग्राम माणूस ओळखण्याऐवजी एकच रंग कापतो आणि त्या रंगाच्या जवळचं सगळं जातं, कुर्त्याचा तुकडासुद्धा. खरं हिरवं कापड सगळीकडे सारखं उजळलेलं असेल तरच तो पर्याय घ्यावा.

हललं की मागे भिंतीचा पट्टा राहतो?

स्थिर बसल्यावर सगळं ठीक, पण मान वळवली की केसांमागे खोलीचा एक पट्टा ओढला जातो. यात उजेड पुरेसा असेल तर कॉम्प्युटर मागे पडतोय असं समजावं. कापणी जुन्या फ्रेमची आणि चित्र नव्या फ्रेमचं अशी गत होते. चार्जर लावा, बॅटरी वाचवणारा मोड बंद करा, ब्राउझरचे इतर टॅब मिटवा. लॅपटॉप गादीवर ठेवला असेल तर टेबलावर घ्या, तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

किनाऱ्याजवळच्या घरांत कॅमेऱ्याच्या काचेवर खाऱ्या हवेचा पातळ थर बसतो आणि सगळ्या कडा धूसर दिसतात. चष्म्याच्या मऊ कापडाने काच पुसावी, कोरड्या बोटाने नाही.

चित्र निवडताना ते तुमच्या मागच्या भिंतीइतकंच उजळ आणि जरा धूसर घ्या. फिकट भिंतीपुढे बसून रात्रीच्या शहराचं चित्र लावलं तर केसांत अडकलेला भिंतीचा प्रत्येक ठिपका पांढरा चमकतो. त्या शिक्षिकेने शेवटी फिकट भिंत आणि एका बाजूला कुंडी एवढंच असलेलं चित्र ठेवलं. केसांच्या टोकांशी अजून थोडी चूक होते, पण ती चूकही भिंतीच्याच रंगाची असल्याने मुलांना दिसत नाही.