तांदूळ विकायला टाकताना या चुका टाळा: ‘जुना’ लिहिलं, पण काय जुनं?

जानेवारीतला पुण्याचा एक फोन अजून माझ्या कानात आहे. "ताई, भाताचा गोळा झाला. हा एचएमटी नाहीच, तुम्ही दुसराच तांदूळ दिला." दहा किलोचा कट्टा होता. आमचा बचत गट नागभीड तालुक्यातला. धान आमच्याच बांधीतलं, नोव्हेंबरच्या शेवटी कापलं, कडपा वाळवून पुंजणं घातलं, डिसेंबरात मळणी केली आणि आठवडाभरात गिरणीत नेलं. वाण शंभर टक्के एचएमटीच होता. चूक आमच्या जाहिरातीची होती. आम्ही लिहिलं होतं, "अस्सल एचएमटी, विना पॉलिश, खायला मस्त." नवा की जुना, याचा एक शब्द नव्हता. त्या बाईंनी घरच्या जुन्या तांदळाच्या हिशेबाने एका वाटीला सव्वादोन वाट्या पाणी घातलं आणि कुकरच्या तीन शिट्ट्या घेतल्या. नव्या तांदळाचं दुसरं काय होणार होतं?

आमच्या गिरणीवाल्या दादांनी मात्र भरडताना सांगितलं होतं, "नवा हाये, पानी कमी टाका म्हना." ते वाक्य आम्ही गिऱ्हाइकापर्यंत पोचवलंच नाही.

नवा आणि जुना हा फरक भांड्यात दिसतो तसा दाण्याच्या आतही असतो. कापणीनंतर दाणा ठेवला की त्याचं अंग हळूहळू घट्ट होत जातं. असा दाणा जास्त पाणी पितो आणि लांबतो, पण फुटत नाही. नव्या दाण्यातलं पिठूळ लवकर सुटून पाण्यात उतरतं, पेज दाट होते आणि शितं एकमेकांना धरतात. हा बदल पहिल्या तीन-चार महिन्यांत सर्वांत जास्त होतो, उन्हाळ्यात आणखी वेगाने. म्हणून डिसेंबरातला आणि जूनमधला तांदूळ, एकाच ढोलीतला असला तरी, वेगळा शिजतो.

आता मुख्य चूक. "एक वर्ष जुना" असं लिहिलं की त्याचे दोन अर्थ होतात. एक, धान वर्षभर ठेवलं आणि आत्ता भरडलं. दोन, तांदूळ वर्षापूर्वीच भरडून पोत्यात ठेवला. पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळात दोन्ही चालून जातात, दुसऱ्यात फक्त सोंडे लागण्याची भीती. पण विना पॉलिश तांदळाला दुसरा अर्थ लागू पडूच शकत नाही. त्याच्या अंगावर कोंड्याचा थर असतो आणि कोंड्यात तेल असतं. भरडताना थर खरचटला की ते तेल बिघडायला लागतं. आमच्याकडच्या उन्हात महिना-दोन महिन्यांत पोतं उघडताच खवट वास येतो. म्हणून "विना पॉलिश, एक वर्ष जुना" एवढंच वाचलं की जाणतं गिऱ्हाईक बिचकतं, आणि त्याचं बरोबर आहे. धान म्हणून ठेवलं तर तूस दाण्याचं रक्षण करतं. तेव्हा विना पॉलिशची ऑर्डर आली की तेवढंच धान भरडायचं, आणि जाहिरातीत दोन महिने वेगवेगळे लिहायचे: कापणीचा आणि भरडाईचा.

विना पॉलिश हा शब्दही सांभाळून वापरा. गिरणीत नुसतं तूस काढलं तर दाणा तपकिरी राहतो, तो विना पॉलिश. एकदा हलकं पॉलिश केलं की दाणा पांढुरका होतो, पण खाचेत तांबूस रेघ राहते. आमच्याकडे गिऱ्हाईक बहुतेक हाच मागतं. तो "सिंगल पॉलिश" असं लिहा. आम्ही पुण्याला पाठवलेला हाच होता, म्हणजे तिथेही आमचा शब्द चुकला होता. तळहातावर वीसेक दाणे घेऊन उजेडात रेघ बघा आणि जे दिसतं तेच लिहा.

वाणाच्या नावाबद्दल थोडं. एचएमटी हे वाण आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्यांतून निवडत निवडत उभं केलं. आज बाजारात कुठल्याही बारीक दाण्याला हे नाव लावतात. "एचएमटी-जय श्रीराम-कोलम" अशी तीन नावं एका ओळीत लिहिली तर वाचणाऱ्याला एकही खरं वाटत नाही. ज्याचं बियाणं पेरलं तेच एक नाव लिहा. चिन्नोर असेल तर उलट नवाच विका आणि नवा म्हणूनच सांगा, कारण ठेवल्याने त्याचा वास उतरतो.

वजनाची तक्रार उन्हाळ्यात येते. डिसेंबरात १४ टक्के ओलावा असलेला तांदूळ काट्यावर बरोबर २५ किलो भरला आणि विणलेल्या पोत्यात ठेवला. त्यात कोरडा माल साडेएकवीस किलो. एप्रिल-मेपर्यंत ओलावा १२ टक्क्यांवर आला तर तेच पोतं २४ किलो ४३० ग्रॅम भरेल. कोणी चोरलं नाही, पण गिऱ्हाइकाला ५७० ग्रॅम कमीच मिळाले. म्हणून भरून ठेवू नका, पाठवायच्या दिवशी मोजा. रिकामं पोतं आधी काट्यावर ठेवून शून्य करा. "२५ किलोचा कट्टा" असं न लिहिता "निव्वळ २५ किलो" असं लिहा. आधीच पाकिटं भरून विकत असाल तर पाकिटावर निव्वळ वजन, भरल्याचा महिना व वर्ष, किंमत आणि तुमचं नाव-पत्ता छापावाच लागतो.

शिजवण्याबद्दल लिहायचं तर आधी स्वतः शिजवून बघा. प्रत्येक भरडाईला आम्ही हे करतो. दहा कच्चे दाणे पट्टीवर टोकाला टोक लावून मांडतो आणि लांबी लिहितो. मग एक वाटी तांदूळ धुऊन, वीस मिनिटं भिजवून झाकणाच्या पातेल्यात मंद आचेवर शिजवतो आणि शिजलेली दहा शितं तशीच मोजतो. पाणी दीड वाटीपासून सुरू करून पाव पाव वाटीने वाढवत दोन-तीनदा बघतो. शीत मोकळं आणि आतून मऊ झालं, तो आकडा जाहिरातीत जातो. नव्याला साधारण दीड ते पावणेदोन वाट्या लागतात, वर्षाच्या जुन्याला दोन ते सव्वादोन. विना पॉलिशला तासभर भिजवून अडीच.

पुढच्या महिन्यात त्याच धानाचा नव्याने भरडलेला तांदूळ आम्ही असा टाकला:

"एचएमटी, कच्चा (उसना नाही). कापणी नोव्हेंबर, भरडाई फेब्रुवारी. नवा तांदूळ. सिंगल पॉलिश, खाचेत तांबूस रेघ दिसेल. थोडी कणी असेल. निव्वळ १० किलो, पाठवताना मोजलेले. एका वाटीला दीड वाटी पाणी, २० मिनिटं भिजवून, पातेल्यात. भात मऊ आणि किंचित चिकट होतो, वरणासोबत चांगला. पुलावासाठी घेऊ नका, त्यासाठी जूननंतर विचारा."

पुण्याच्या बाईंना आम्ही बदली माल पाठवला नाही, कारण आमच्याकडे जुनं धान शिल्लक नव्हतं. पैसे परत देऊ केले आणि सोबत पाण्याचं माप कळवलं. कुकरमध्ये करायचा तर सव्वा वाटी पाणी आणि एकच शिट्टी, असं सांगितलं. दोन दिवसांनी त्यांनी ताटाचा फोटो पाठवला, शितं सुटी होती. पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि जूनमध्ये जुना झाला की कळवा म्हणाल्या.