हेल्मेटचं बटण लागलं म्हणजे पट्टा लागला, असं नाही

शिकाऊ लायसन्सच्या ऑनलाइन परीक्षेत १५ पैकी ९ उत्तरं बरोबर लागतात. बाकीचं तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून मी जिथे अडकलो तेवढंच नीट सांगतो: पट्टा.

माझ्या हेल्मेटला हनुवटीखाली दोन धातूच्या कड्या आणि पट्ट्याच्या टोकाला एक टिचबटण होतं. मी पट्टा कड्यांतून ओवायचो, बटण टिचकन लावायचो आणि निघायचो. दोन महिने असंच. शेवटी गल्लीतल्या एका काकांनी हेल्मेट मागून धरून पुढे ओढलं आणि ते सरळ त्यांच्या हातात आलं. मी हादरलो. ते बटण फक्त पट्ट्याचं मोकळं टोक वाऱ्यात फडफडू नये म्हणून असतं, त्याने डोकं वाचत नाही.

खरी पद्धत अशी. टोक आधी दोन्ही कड्यांतून काढा. मग कड्या बोटाने वेगळ्या करून टोक उलट वळवा, बाहेरच्या कडीवरून घ्या आणि फक्त आतल्या कडीतून परत ओढा. पट्टा कड्यांमध्ये आवळला जातो आणि ओढाल तितका घट्ट बसतो. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जायला हवीत. बटण अगदी शेवटी. मग मागून धरून पुढे ओढून बघा. निसटलं तर पट्टा सैल आहे, नाहीतर हेल्मेटच मोठं आहे. खटक्याचं लॉक असेल तर काम सोपं, पण ही ओढून बघायची चाचणी तिथेही करा.

परीक्षेतही हाच मुद्दा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असणं अपेक्षित आहे. म्हणून ‘डोक्यावर ठेवलं तरी चालेल’ हा पर्याय चूक. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच. विनाहेल्मेट दंड १००० रुपये आणि लायसन्स ३ महिने अपात्र. नुसती प्रश्नपत्रिका पाठ करायला सांगणाऱ्या एजंटांवर माझा विश्वास नाही, कारण प्रश्नाचे शब्द फिरवले की पाठांतर कोलमडतं.

घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. शिक्क्याचा स्टिकर रस्त्याकडेला खोटाही मिळतो, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. जोरात आपटलेलं हेल्मेट वापरू नका. आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

काच कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका. धूळच तिला ओरखडते, आणि रात्री समोरच्या दिव्याचा प्रकाश त्या ओरखड्यांवर पसरून रस्ता दिसेनासा होतो. ओलं फडकं पाच मिनिटं काचेवर ठेवा, चिकटलेले किडे मऊ होतील. मग साबणाच्या पाण्याने हलकेच धुवा. पेट्रोल, थिनर अजिबात नको. घाबरू नका, ओरखडलेली काच बऱ्याच हेल्मेटांची वेगळी मिळते. काळी काच मात्र दिवे लागायच्या वेळेआधी उतरवा.