स्पॅनिशमधला ‘सुबखुन्तिवो’ इंग्रजीत कसा आणावा

स्पॅनिशमधून इंग्रजीत अनुवाद करताना नवशिका अनुवादक ‘सुबखुन्तिवो’, म्हणजे क्रियापदाचे सब्जंक्टिव्ह रूप, दिसले की ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘शुड’ घालून मोकळा होतो. हे रूप शंका दाखवते असे त्याला शिकवलेले असते, परंतु ते अर्धसत्य आहे. «मे आलेग्रो दे के आयास बेनीदो» या वाक्यात पाहुणा समोर उभा आहे, शंकेला जागाच नाही, तरीही रूप सुबखुन्तिवोचे आहे. इंग्रजीत त्याचे सरळ «आय अ‍ॅम ग्लॅड यू केम» होते.

म्हणून पहिली पायरी इंग्रजीची नसून स्पॅनिशची आहे. सुबखुन्तिवोच्या जागी त्याच क्रियापदाचे साधे रूप, म्हणजे मराठी व्याकरणात ज्याला स्वार्थ म्हणतात ते, घालून पाहावे. वाक्य व्याकरणदृष्ट्या मोडले, तर लेखकाला निवड नव्हती. ते रूप आधीच्या शब्दाने लादलेले आहे आणि त्यात वेगळी माहिती नाही. वाक्य टिकले पण अर्थ बदलला, तर मात्र लेखकाने ते जाणून निवडले आहे, आणि तो अर्थ इंग्रजीत कुठेतरी उतरलाच पाहिजे.

समजा, माद्रिदमधल्या घरमालकिणीने भाडेकरूला निरोप पाठवला आहे: «क्वान्दो येगेस, यामा आल पोर्तेरो पारा के ते आब्रा, आउंके सेआ तार्दे». पोहोचलास की दार उघडायला रखवालदाराला बोलाव, उशीर झाला असला तरी, असा त्याचा आशय आहे. यात सुबखुन्तिवो तीनदा आला आहे.

पहिला, ‘येगेस’. पुढे आज्ञा असून पोहोचणे अजून व्हायचे आहे, त्यामुळे इथे ‘येगास’ चालत नाही. निवड नाही, म्हणून इंग्रजीची नेहमीची रीत पाळावी: «व्हेन यू गेट हिअर». ‘व्हेन यू विल अराइव्ह’ ही इथली ठरलेली चूक आहे. मराठीत आपण ‘पोहोचलास की’ असे भूतकाळी रूप वापरतो आणि कोणालाही ते भूतकाळाचे वाटत नाही. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ वापरते, इतकाच फरक.

दुसरा, ‘आब्रा’. ‘पारा के’नंतर दुसरे रूप येतच नाही. इंग्रजीत «टू लेट यू इन» पुरते. ‘क्येरो के बेंगास’चेही असेच: «आय वाँट यू टू कम».

तिसरा, ‘सेआ’, आणि खरे काम इथे आहे. ‘आउंके एस तार्दे’ हेही शुद्ध स्पॅनिश आहे, पण त्याचा अर्थ ‘आत्ता उशीर झालेला आहे, तरी’ असा होतो. मालकिणीने ‘सेआ’ लिहून ती शक्यता मोकळी ठेवली. हा फरक इंग्रजी क्रियापदाला पेलत नाही, म्हणून तो जोडशब्दावर टाकावा: ‘ऑल्दो’ऐवजी ‘इव्हन इफ’. पूर्ण वाक्य असे होईल: «व्हेन यू गेट हिअर, कॉल द केअरटेकर टू लेट यू इन, इव्हन इफ इट्स लेट».

पण ‘आउंके’ आणि सुबखुन्तिवो म्हणजे नेहमी ‘इव्हन इफ’ असे सूत्र पाठ करू नये. «आउंके सेआ तू एर्मानो, नो ले प्रेस्तो दिनेरो» या वाक्यात तो माणूस ऐकणाऱ्याचा भाऊ आहे हे दोघांनाही ठाऊक असू शकते; बोलणारा ते मान्य करून बाजूला सारतो. तेव्हा «ही मे बी युअर ब्रदर, बट आय अ‍ॅम नॉट लेंडिंग हिम मनी» हे नैसर्गिक ठरते. या एका ठिकाणी ‘मे’ खरोखर शोभतो, पण शंकेसाठी नव्हे. मराठी वाचकाला हे सहज कळावे, कारण ‘तो तुझा भाऊ असला तरी’ यातले ‘असला’ माहीत असलेली आणि नसलेली, दोन्ही गोष्टी तसेच झेलते. कोणता अर्थ घ्यायचा हे आधीच्या संवादावरून ठरवावे. एकट्या वाक्यावरून ते ठरत नाही.

माहिती देणारा सुबखुन्तिवो आणखी एका जागी हमखास भेटतो. «बुस्को उन पीसो के तेंगा बाल्कोन» म्हणणाऱ्याला बाल्कनी असलेला कोणताही फ्लॅट चालेल. ‘तेंगा’ऐवजी ‘त्येने’ म्हणणाऱ्याच्या मनात एक ठरावीक फ्लॅट आहे आणि तो त्याला सापडत नाही. पहिल्याला «आय अ‍ॅम लुकिंग फॉर अ फ्लॅट विथ अ बाल्कनी» पुरते. दुसऱ्यासाठी वाक्याची मांडणीच बदलावी लागते: «देअर्स अ फ्लॅट आय अ‍ॅम ट्राइंग टू फाइंड, इट हॅज अ बाल्कनी».

शेवटी आपले इंग्रजी वाक्य मूळ न पाहता मोठ्याने वाचावे आणि प्रत्येक ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’ खोडून पाहावा. खोडल्यावर अर्थ तसाच राहिला, तर तो शब्द पुन्हा घालू नये.